बंगळुरूला निघालेल्या कुकरसोबतची चिठ्ठी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

भाडं, डिपॉझिट, पीएफ या गोष्टी तुला ऑफिसातली मुलं सांगतील. वरणभाताचं कोणी सांगणार नाही, कारण त्यांनाही तो येत नसतो. म्हणून बॅगेत तीन लिटरचा कुकर ठेवला आहे. तो काढून तिथे लॅपटॉप ठेवू नकोस.

तुझ्यापुरतं माप असं. अर्धी वाटी तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजव, मग दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि चार थेंब तेल. तेलामुळे फेस कमी येतो; नाहीतर डाळ शिट्टीतून उडते आणि ओटा पिवळा होतो. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी. डाळीचा डबा खाली, भाताचा वर. आणि कुकरच्या तळात दीड पेला पाणी, हे विसरायचं नाही! डब्यांत पाणी घातलं म्हणजे झालं, असं वाटणारे सुशिक्षित लोक भरपूर आहेत. दहा-बारा मिनिटांत शिट्टी नाही आणि करपल्याचा वास येतोय, म्हणजे तू त्यांच्यातला झालास. गॅस बंद कर आणि झाकणाला हात लावू नकोस. तळ कोरडा तापला की सेफ्टी व्हॉल्व वितळतो. तो वितळण्यासाठीच असतो, नवा मिळतो. तू मिळत नाहीस.

शिट्टी न होता कडेने वाफ फुसफुसत असेल तर दोष गॅस्केटचा. सैल झालेलं रबर दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवलं की त्या दिवसापुरतं काम भागतं. मग नवं आण. मात्र मॉडेल सांगून, अंदाजाने बोटं फाकवून दुकानदाराला दाखवू नकोस. आणि झाकण लावण्याआधी वाफेची नळी उजेडाकडे धरून बघ, आरपार दिसलं पाहिजे. त्यात डाळीचं एक साल अडकलं तरी पुरतं.

चार शिट्ट्या, मग पाच मिनिटं मंद आच. नंतर वाफ आपोआप जिरू दे. चमच्याने शिट्टी उचलून फुस्स करायची घाई तुझ्या मामाला आहे, तुला नको.

एवढं करूनही डाळ गोटा राहिली तर स्वतःला दोष देऊ नकोस. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे डाळ नीट मऊ होत नाही. डाळीपुरतं फिल्टरचं पाणी वापर. टोमॅटो, चिंच डाळ शिजल्यावरच घाल, आंबटानेही ती अडून बसते.

गोडा मसाला आईने तीन पिशव्यांत बांधून दिलाय. ‘एवढा कशाला’ असं तिच्यासमोर म्हणू नकोस, चौथी येईल.

रात्री साडेअकराला डाळ बिघडली तरी फोन कर. माझ्या नंबरवर. आईला केलास तर ती पहाटेच्या गाडीत बसेल.

तुझा,
बाबा