काठावरचा उमेदवार आधी ठरवा

"शिक्षकांच्या परीक्षेत उत्तीर्णतेची रेषा सरळ ६० टक्के ठेवा, सगळ्यांना सारखाच न्याय मिळेल."

नाही मिळणार. या वेळची प्रश्नपत्रिका मागच्यापेक्षा अवघड निघाली, तर तेवढीच तयारी असलेला उमेदवार नापास होतो. हे टाळायला अँगॉफ पद्धत आहे. त्यात अनुभवी शिक्षकांचं मंडळ आधी काठावरचा उमेदवार कसा असतो ते लिहून काढतं, म्हणजे वर्ग एकट्याने सांभाळण्याइतपत जेमतेम तयार असलेला. मग प्रत्येक प्रश्नाला एकच विचारायचं: असे १०० जण बसले तर किती जणांचं उत्तर बरोबर येईल?

समजा, अपूर्णांकांच्या बेरजेत मूल नेमकं कुठे चुकलं ते ओळखायचा प्रश्न आहे. एक सदस्य ९० म्हणतो, दुसरा ५५. चर्चेत कळतं की पहिल्याच्या डोळ्यांसमोर त्याचा सर्वांत हुशार सहकारी होता. ही चूक वारंवार होते आणि रेषा नकळत वर सरकते. चर्चेनंतरच्या दुसऱ्या फेरीत पहिला ७५ वर आला, दुसरा ६५ वर, तर सरासरी ७०, म्हणजे या प्रश्नाचे ०.७० गुण. सगळ्या प्रश्नांचे असे गुण मिळवले की उत्तीर्णतेची रेषा निघते.

दुसऱ्या फेरीआधी प्रत्यक्ष किती टक्के उमेदवारांना तो प्रश्न सुटला ते सदस्यांना जरूर दाखवावं. पण तो आकडा सगळ्या उमेदवारांचा असतो, काठावरच्यांचा नव्हे. तो जसाच्या तसा उतरवला तर मंडळ बसवण्यात काहीच अर्थ उरत नाही.