एक टॉवेल, बारा माना

परवा दाढी झाल्यावर गालावर जो टॉवेल टेकला तो दमट होता, आधीच्या दोन-तीन गिऱ्हाइकांच्या आफ्टरशेव्हचा त्याला वास होता आणि त्यावर एक पांढरा केस होता. माझी दाढी काळी आहे. असो. सलून चालवणं सोपं नाही, खर्च वाढतात, हे आम्हालाही कळतं. म्हणून छोट्या सलूनच्या मालकांसाठी खर्चकपातीचे काही अनुभवसिद्ध उपाय इथे देत आहे. बरेचसे तुम्ही आधीच अमलात आणले असतील, त्याबद्दल अभिनंदन.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे टॉवेल कमीत कमी विकत घ्या. समजा तीन खुर्च्यांचं सलून आहे आणि दिवसाला वीस गिऱ्हाइकं येतात. कुणाला कटिंग, कुणाला दाढी, कुणाला डोकं धुऊन. माणशी सरासरी दोन टॉवेल धरले तर चाळीस झाले, हात पुसायला आणि सांडलवंड टिपायला आणखी पाच. म्हणजे रोज पंचेचाळीस. आता भित्री माणसं काय करतात, तर पंचेचाळीस वापरात, पंचेचाळीस धुण्या-वाळण्यात आणि पंचेचाळीस घडी करून कपाटात असे तीन संच ठेवतात. वर डाग पडणारे, फाटणारे धरून साधारण दीडशे टॉवेल घेतात. तुम्ही पंधरा घ्या. पंधरा टॉवेल दिवसाला पंचेचाळीसदा वापरले की झालं काम.

यात खरी बचत किती होते, हे मात्र कुणी मांडून पाहत नाही, आणि पाहूही नये. टॉवेल वर्षांवर झिजत नाही, धुण्यांवर झिजतो. समजा एक टॉवेल दीडशे धुण्यांत विरतो. दीडशे टॉवेल असतील तर प्रत्येकाची पाळी दर तीन-साडेतीन दिवसांनी येईल आणि संच सव्वा वर्षाच्या वर टिकेल. पंधराच असतील आणि दरवेळी धुऊन वापरले, तर प्रत्येक टॉवेल दिवसात तीनदा मशीनमध्ये जाईल आणि पन्नास दिवसांत चिंध्या होतील. दोन्हीकडे महिन्याला नऊच टॉवेल खपतात. जास्त टॉवेल घेणारा जास्त खर्च करत नाही, तो पुढचा खर्च आज करतो एवढंच. मग तुमचे पंधरा टॉवेल पाच महिने कसे पुरतात? कारण पंचेचाळीसपैकी तीस वेळा ते धुतलेच जात नाहीत. तुमची बचत म्हणजे ते तीस वेळचं न धुणं. हिशोबाच्या वहीत तसं स्पष्ट लिहा, म्हणजे ऑडिटरलाही समजेल.

धुण्याचा खर्च खरंच कमी करायचा असता तर एक कंटाळवाणा मार्ग होता. चाळीस बाय पंच्याहत्तर सेंटिमीटरचा, ४०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅम भरणाऱ्या कापडाचा टॉवेल कोरडा असताना १२० ग्रॅम भरतो. पंचेचाळीसचे झाले ५.४ किलो. सात किलोच्या मशीनवर सात लिहिलेलं असलं तरी टर्किश टॉवेल पाणी पिऊन फुगतात, त्यांना उलटंपालटं व्हायला जागा लागते. वर वीतभर मोकळं ठेवलं की चार-साडेचार किलोच नीट धुतले जातात. म्हणजे रोज दोन घाणे. पण दाढीनंतर तोंड पुसायला एवढा मोठा टॉवेल लागतोच कशाला? तीस बाय तीसचा रुमाल त्याच कापडाचा घेतला तर तो ३६ ग्रॅमचा. वीस टॉवेलांच्या जागी वीस रुमाल आले की वजन १.७ किलोंनी उतरतं, उरतात ३.७ किलो, आणि दोनचा एक घाणा होतो. पाणी, वीज, साबण आणि पोराचा तासभर वाचतो, शिवाय प्रत्येकाला कोरा कपडा मिळतो. पण यात कुणाची मान दुसऱ्याच्या घामाने ओली होत नाही, त्यामुळे मजा येत नाही.

टॉवेल धुवायचेच झाले तर न झटकता टाका. कापलेले बारीक केस टॉवेलच्या फासांत रुततात, पाण्यात गेले की आणखी घट्ट बसतात आणि उरलेले पंपाच्या जाळीत जाऊन बोळा होतात. मग मशीन पाणी सोडत नाही, मेकॅनिक येतो, जाळी काढून तो बोळा तुमच्या हातात देतो आणि बिल लावतो. कोरडे असताना दारामागे दोनदा झटकले असते तर हे सुख मिळालं नसतं.

साबण भरपूर घाला. धुवून न निघालेला साबण टॉवेलमध्ये राहतो, जड पाण्यातल्या क्षारांबरोबर बसतो आणि टॉवेल पापडासारखा कडक होतो. मग तो मऊ करायला सुगंधी कंडिशनर ओता. कंडिशनर सुताच्या तंतूंवर गुळगुळीत थर चढवतो. टॉवेल हाताला मऊ लागतो आणि पाणी टिपणं बंद करतो. वाळलेल्या टॉवेलवर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. तो लगेच आत मुरला तर टॉवेल कामाचा आहे, मोत्यासारखा वर बसून राहिला तर थर चढला आहे. असा टॉवेल डोकं कोरडं करत नाही, म्हणून दुसरा घ्यावा लागतो. एकाच्या जागी दोन धुवायचे आणि वर कंडिशनरचेही पैसे. तो बंद करून, साबण निम्मा करून, एक जादा खळबळणं दिलं तर तीन-चार धुण्यांत फरक कळतो, पण वास येणार नाही ना छान.

रात्री दुकान बंद करताना ओले टॉवेल टबात दाबून ठेवा. सकाळपर्यंत कुबट वास धरतात.

मालिशच्या तेलाचे टॉवेल बाकीच्यांतच धुवा, तेही गार पाण्यात. गार पाण्यात तेल नीट सुटत नाही, बाकीच्या टॉवेलांना थोडं थोडं लागतं आणि सुतात राहिलेलं खवट होतं. तो खवट वास मग कितीही धुतलं तरी जात नाही. ज्यांच्याकडे ड्रायर आहे त्यांनी असे अर्धवट धुतलेले तेलकट टॉवेल कडक तापवून, गरमागरम असतानाच घड्या घालून एकावर एक रचावेत. तेल हवेशी संयोग पावताना स्वतः उष्णता सोडतं, गठ्ठ्याच्या आत ती कोंडते, आणि रात्री कुलूप लावून तुम्ही घरी गेल्यावर गठ्ठा आपोआप पेट घेऊ शकतो. ही थट्टा नाही. तेलाचे टॉवेल वेगळे काढा, त्याच दिवशी कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात, साठ अंशांपर्यंत, धुवा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय रचू नका.

डायचे टॉवेल पांढरेच वापरा. काळे घेतले तर डाग दिसत नाहीत आणि नवे घ्यायला निमित्त उरत नाही. पांढऱ्यावर पडलेला डाग घालवायला ब्लीच ओता. हेअर डायमध्ये अनेकदा अमोनिया असतो, ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की विषारी वायू होतो. संडास धुवायचं ॲसिड ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन निघतो. बंद न्हाणीघरात हे काम नेहमी सर्वांत नव्या पोराला द्या.

साफसफाईसाठी सकाळी एक बादली जंतुनाशक करा आणि तीच रात्रीपर्यंत पुरवा. त्यात सुती फडका बुडवून ठेवा. सलूनमध्ये सर्रास मिळणारी क्वाट जातीची जंतुनाशकं सुताला चिकटून बसतात, त्यामुळे औषध फडक्यात राहतं आणि पाणी नुसतं रंगीत उरतं. आधी साबणाने पुसलं असेल आणि साबण धुवून काढला नसेल तर राहिलेलं औषधही निकामी होतं. खुर्चीच्या हातावर फडका फिरवून लगेच कोरडा करा. बाटलीवर दहा मिनिटं ओलं ठेवा असं लिहिलं आहे, पण तेवढा वेळ कुणाला आहे! खरं तर यात काटकसरीलाच वाव होता. आधी केस आणि मेण साफ करून घ्यायचं, मग स्प्रेने थोडंसं मारायचं आणि लिहिल्याइतका वेळ तसंच सोडायचं. बादलीच्या पाव भागात दिवस निघतो.

मेणाची काडी पुन्हा भांड्यात बुडवा. अख्खं भांडं सगळ्यांचं होईल.

हातमोजे धुऊन वाळत घाला. गळ्याच्या कागदी पट्ट्या मधोमध फाडून दोन करा. त्या मानेभोवती पुऱ्या फिरत नाहीत आणि केप सरळ कातडीला लागते, पण पट्टी लावली हे तुम्हाला शपथेवर सांगता येतं. डिस्पोजेबल सामान संपत आलं की मागवू नका, संपल्यावर मागवा. रोजचा खप गुणिले सामान यायला लागणारे दिवस, अधिक दोन दिवसांची शिल्लक, एवढ्यावर पाकीट आलं की फोन करायचा, असा तीन आकड्यांचा हिशोब असतो. तो केला की शनिवारची धावाधाव बंद होते, आणि मग शनिवारी करायचं काय?

शेवटचा उपाय ब्लेडचा. सकाळी प्रत्येक खुर्चीवर मोजून ब्लेड देऊ नका, रात्री मोजू नका, आणि दाढीच्या पावत्यांशी तर मुळीच ताळा घालू नका. घातलात तर कळेल की दाढ्या झाल्या तेरा आणि ब्लेड खपले पाच. आठ ब्लेड वाचले!

वाचले नाहीत हो. आठ माणसांच्या गालावर दुसऱ्याच्या रक्ताचं पातं फिरलं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात, किमान सात दिवस जिवंत राहतो. जंतुनाशकाच्या बादलीत वस्तरा एकदा खळबळला की तो मरतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं? ब्लेड गिऱ्हाइकाच्या समोर वेष्टनातून काढायचा आणि वापरून झाला की झाकणाच्या कडक डब्यात टाकायचा. सुट्टा कचऱ्यात टाकलात तर सकाळी कचरा उचलणाऱ्या बाईचा हात चिरतो. सलूनमधल्या सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक म्हणजे ब्लेड, आणि तुम्ही काटकसर करता ती तिथेच? आरशाभोवती रंगीत दिवे लावायला पैसे असतात, भिंतीवर टीव्ही लागतो, आणि टॉवेल मागितला की कपाळावर आठी.

तुमच्या स्वतःच्या कटिंगच्या वेळी तुम्ही कपाटातला नवा टॉवेल काढता, हे सगळे कारागीर बघतात. गिऱ्हाइकालाही तोच द्या. जमत नसेल तर दर माणशी धुण्याचा, पट्टीचा आणि ब्लेडचा खर्च मांडा, तेवढा दर वाढवा आणि भिंतीवर तसं लिहा. लोक देतील. पण घामट टॉवेल झटकून, उलटा करून, पुन्हा कुणाच्या तोंडाला लावू नका. त्याची दुसरी बाजूही वापरलेलीच असते.