लेप्टोची पट्टी पॉझिटिव्ह आली म्हणजे लेप्टोच?

गेल्या पावसाळ्यापासून फिरतोय तो मेसेज: ‘लेप्टोची किट टेस्ट ९५ टक्के अचूक आहे. पॉझिटिव्ह आली म्हणजे ९५ टक्के लेप्टोच. पुन्हा केली आणि पुन्हा पॉझिटिव्ह आली तर शंभर टक्के. निगेटिव्ह आली तर साधा ताप, काळजी नको.’

आधी ते ९५ कुठून येतं ते बघू. ज्यांना लेप्टो नाही अशा १०० जणांपैकी ९५ जणांची टेस्ट निगेटिव्ह येते, एवढाच त्याचा अर्थ. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जणांना खरंच लेप्टो आहे, हा प्रश्नच निराळा. त्याचं उत्तर किटच्या खोक्यावर सापडणार नाही, कारण ते दवाखान्यात कोण येतंय यावर ठरतं.

समजा कुडाळकडच्या एखाद्या दवाखान्यात जुलैत तापाचे १००० रुग्ण आले. हे आकडे हिशेबापुरते धरलेत. त्यांत ५० लेप्टोचे, १५० डेंग्यूचे, बाकी ८०० इतर तापांचे. हिशेबाचं झाड काढलं तर ही त्याची पहिली फांदी. दुसरी फांदी टेस्टची. लेप्टोच्या १०० पैकी ८० जण ती पकडते. इतर तापांत १०० मागे ५ जणांना उगाच पॉझिटिव्ह दाखवते. डेंग्यूत मात्र शरीरातल्या अँटिबॉडी कधीकधी या पट्टीलाही फसवतात, म्हणून ते ९५ तिथे टिकत नाहीत, चूक १०० मागे २० धरू. आता पॉझिटिव्ह मोजा: लेप्टोचे ४०, डेंग्यूचे ३०, इतर ४०. एकूण ११०, त्यात खरे लेप्टो ४०. म्हणजे ३६ टक्के.

मेसेजवाल्याच्या ध्यानात न आलेली गंमत पुढेच आहे. डेंग्यूची शक्यता टेस्टच्या आधी १५ टक्के होती, ती आता ११० पैकी ३०, म्हणजे २७ टक्के झाली. लेप्टोची टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि डेंग्यूचाही संशय वाढला! पुरावा एकाच कारणाच्या पदरात पडत नाही. ज्या ज्या कारणातून तो निघू शकतो, त्या सगळ्यांत तो वाटला जातो.

आता ‘पुन्हा केली तर शंभर टक्के’. दुसरी टेस्ट पहिलीपासून पूर्ण स्वतंत्र आहे असं मानलं, तरी ४० लेप्टोंतले ३२, ३० डेंग्यूंतले ६ आणि इतर ४० मधले २ पुन्हा पॉझिटिव्ह येतील. ४० पैकी ३२, म्हणजे ८० टक्के. शंभर नाहीच. पण त्याच रक्तावर तीच किट लावली तर स्वतंत्रपणा कुठला? ज्या अँटिबॉडीने पट्टीवरच्या ‘टी’ या खुणेजवळची फिकट रेष पहिल्यांदा उमटवली, तीच दुसऱ्यांदाही उमटवणार. तेच ११० जण पुन्हा पॉझिटिव्ह आले तर शक्यता ३६ वरच राहते, फक्त पट्टीचे पैसे गेले. त्यापेक्षा वेगळं काही विचारणारी टेस्ट करावी. डेंग्यूची एनएस१ टेस्ट घ्या. ती डेंग्यूच्या ३० पैकी २१ जण पकडते आणि इतरांत जवळजवळ चुकत नाही असं धरलं, तर ती निगेटिव्ह आलेल्यांत डेंग्यूचे ९ आणि बाकीचे ८० उरतात. लेप्टो ८९ पैकी ४०, म्हणजे ४५ टक्के. थोडंच वाढलं, पण खरोखर वाढलं.

मेसेजचं शेवटचं वाक्य, ‘निगेटिव्ह आली तर साधा ताप’, मला सगळ्यात घातक वाटतं. आता रुग्ण बदला. लावणीला आठवडाभर चिखलात अनवाणी उभे राहिलेले, पायाला भेगा नाहीतर कापल्याची जखम असलेले, आणि त्यानंतर तापाने फणफणलेले १००० जण घ्या. उंदराचं, गुरांचं मूत मिसळलेल्या पाण्या-चिखलातून लेप्टो अंगात शिरतो, तेव्हा इथे लेप्टोचे ३०० धरू, डेंग्यूचे १००, इतर ६००. तीच किट, त्याच चुका: पॉझिटिव्ह २४०, २० आणि ३०. लेप्टो २९० पैकी २४०, तब्बल ८३ टक्के. ९५ चा आकडा तसाच ठेवून उत्तर ३६ वरून ८३ वर गेलं.

याच लोकांची टेस्ट तापाच्या दुसऱ्या दिवशी केली तर? ही पट्टी ज्या अँटिबॉडी शोधते, त्या साधारण पाचव्या-सातव्या दिवसानंतर पुरेशा तयार होतात. म्हणून दुसऱ्या दिवशी ती १०० पैकी २० जणच पकडते असं धरू. ३०० पैकी २४० लेप्टोवाले निगेटिव्ह येतील. डेंग्यूचे ८० आणि इतर ५७० मिळून एकूण निगेटिव्ह ८९०, त्यात लेप्टो २७ टक्के. टेस्टआधी ३० होते, निगेटिव्ह रिपोर्टनंतर २७. एवढ्यावर ‘साधा ताप’ म्हणून घरी बसायचं? चिखलातून आलेल्या तापाच्या रुग्णाला डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन सुरू करतात आणि आठवड्याने पुन्हा रक्त मागतात, ते याच २७ टक्क्यांपायी.