दुसरी किल्ली नसली तर लॉकर नुसता बंद राहत नाही

दरवर्षी इम्युनॉलॉजीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य मला हमखास भेटते: "दुसरा संकेत मिळाला नाही तर टी पेशी सक्रिय होत नाही." टी पेशी म्हणजे शरीराचे रोगांपासून रक्षण करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. वाक्य चुकीचे नाही, म्हणून मी गुण देतो; पण ते अर्धे आहे, आणि जो अर्धा भाग गळतो तोच या विषयाचा गाभा आहे. याला बऱ्याच अंशी आम्ही शिकवणारेच जबाबदार आहोत. आम्ही वर्गात बँकेच्या लॉकरचे उदाहरण देतो: एक किल्ली ग्राहकाची, दुसरी बँकेची, दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. उदाहरण सुटसुटीत आहे, पण दिशाभूल करणारे आहे. बँकेची किल्ली आज मिळाली नाही तर लॉकर बंद राहतो आणि उद्या दोन्ही किल्ल्या लावल्या की उघडतो. टी पेशीत मात्र पहिली किल्ली एकटीच फिरवली गेली, तर कुलूपच आतून बदलते, आणि मग दोन्ही किल्ल्या आणल्या तरी ते उघडत नाही. या अवस्थेला ॲनर्जी म्हणतात. (निम्मे विद्यार्थी हा शब्द 'एनर्जी' असा लिहितात, म्हणजे अगदी उलटा. मूळ ग्रीक शब्दाचा रोख 'काम न करणे' असा आहे.)

आधी दोन किल्ल्या कोणत्या ते पाहू. टी पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राहक रेणू दुसऱ्या पेशीने एमएचसी रेणूच्या खोबणीत धरून दाखवलेला प्रथिनाचा तुकडा ओळखतो. हा पहिला संकेत. टी पेशीवरच्या सीडी२८ या रेणूला समोरच्या पेशीवरचे सीडी८० किंवा सीडी८६ हे रेणू जुळतात. हा दुसरा संकेत, म्हणजेच सहउद्दीपन. असे इतरही सहउद्दीपक रेणू आहेत, पण आपला तुकडा अजून एकदाही न पाहिलेल्या, कोऱ्या टी पेशीसाठी सीडी२८ सर्वांत महत्त्वाचा, म्हणून इथे मी त्याच्यापुरतेच बोलतो.

दुसऱ्या संकेताची गरज का पडावी? टी पेशीच्या ग्राहक रेणूला फक्त आकार कळतो. तो तुकडा क्षयाच्या जंतूचा आहे की आपल्याच स्वादुपिंडातला, हे त्या आकारावर कुठेही लिहिलेले नसते. थायमस ग्रंथीत स्वतःच्या प्रथिनांवर उठणाऱ्या पुष्कळ टी पेशी मारल्या जातात, पण सगळ्या नाही. काही निसटून रक्तात येतातच. मग आपले-परके ठरवायचे कोणी? ते काम डेंड्रायटिक पेशीसारख्या सादरकर्त्या, म्हणजे तुकडा दाखवणाऱ्या, पेशीकडे आहे. तिच्याकडे जंतूंच्या भिंतीचे किंवा जनुकीय द्रव्याचे ठरावीक घटक ओळखणारे स्वतंत्र ग्राहक असतात, आणि ते चेतले की तिच्या पृष्ठभागावरचे सीडी८० व सीडी८६ झपाट्याने वाढतात. म्हणजे पहिला संकेत सांगतो 'काय दिसले', आणि दुसरा सांगतो 'ते संशयास्पद परिस्थितीत दिसले का'. चार्ल्स जेनवे यांनी 1989 साली आपल्याच व्यवसायबंधूंना यावरून चिमटा काढला होता: शुद्ध प्रथिन टोचले तर प्रतिकार फारसा उमटत नाही, म्हणून आपण सगळे त्यात गुपचूप मेलेल्या जंतूंचे तुकडे किंवा तुरटीसारखे काही मिसळतो, आणि त्याचे कारण मात्र विचारत नाही. त्या मिसळणीचे मुख्य काम दुसरा संकेत जागा करण्याचे होते.

आता गळणारा अर्धा भाग. तो समजून घ्यायला 1987 साली मार्क जेनकिन्स आणि रोनाल्ड श्वार्ट्झ यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगाइतका चांगला रस्ता मला दुसरा सापडलेला नाही. त्यांच्याकडे उंदराच्या टी पेशींचे असे वाण होते, ज्यातली प्रत्येक पेशी कबुतराच्या सायटोक्रोम सी या प्रथिनाचा एकच तुकडा ओळखत असे. सादरकर्त्या म्हणून प्लीहेतल्या पेशी घेतल्या. पण त्यातल्या काही जशाच्या तशा वापरल्या आणि काहींवर कार्बोडायइमाइड या रसायनाची प्रक्रिया केली. या रसायनाने पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिने एकमेकांना जखडली जातात. तुकडा दाखवण्याचे काम अशी पेशी करू शकते, पण जिवंत पेशी जे अधिकचे पुरवते ते तिच्याकडून मिळत नाही.

जखडलेल्या पेशी पाहून टी पेशी वाढल्या नाहीत. इथवर लॉकरचे उदाहरण चालते. पण संशोधकांनी त्याच टी पेशी बाजूला काढल्या, त्यांना विश्रांती दिली आणि मग ताज्या, धडधाकट सादरकर्त्या पेशींसोबत तोच तुकडा पुन्हा दाखवला. आता दोन्ही किल्ल्या हजर होत्या. तरीही टी पेशी हलल्या नाहीत.

कोणीही चांगला परीक्षक इथे पहिली शंका हीच घेईल की पेशी मेल्या असतील. त्याचे उत्तर प्रयोगातच होते. त्याच पेशींना बाहेरून इंटरल्यूकिन-२ हे टी पेशींना विभागायला लावणारे प्रथिन दिले, तेव्हा त्या विभागू लागल्या. मेलेल्या पेशी विभागत नाहीत. दुसरी शंका अशी की त्यांनी आपला ग्राहक रेणूच गमावला असेल. तोही पृष्ठभागावर शाबूत होता. बिघाड होता तो इतकाच की तुकडा दिसल्यावर त्या स्वतः इंटरल्यूकिन-२ बनवू शकत नव्हत्या. पुढच्या वर्षी जेनकिन्स, श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी आणखी एक उलगडा केला: जखडलेल्या पेशींसोबत भलत्याच जातकुळीच्या उंदराच्या जिवंत पेशी मिसळल्या, ज्यांना तो तुकडा योग्य एमएचसीत दाखवताच येत नव्हता, तर टी पेशींचे हे बधिर होणे टळले. म्हणजे दुसरा संकेत पहिल्यापेक्षा वेगळा होता, आणि तो शेजारच्या पेशीकडून आला तरी चालत होता. तो सीडी२८ मार्फत पोहोचतो हे 1992 मध्ये दाखवले गेले: सीडी२८ ला चेतवणारे प्रतिपिंड दिले की जखडलेल्या पेशी पाहूनही ॲनर्जी येत नाही.

पेशीच्या आत काय घडते, ते मी मुद्दाम दोन नावांवर आणून सांगतो. इंटरल्यूकिन-२ चे जनुक चालू व्हायला एनएफएटी आणि एपी-१ ही दोन प्रथिने जनुकाच्या सुरुवातीला एकमेकांना चिकटून बसावी लागतात. एनएफएटी कॅल्शियमच्या लाटेवर जागे होते, आणि ती लाट पहिल्या संकेताने सहज उसळते. एपी-१ ला मात्र वेगळी साखळी लागते, आणि ती पुरेशी चालायला सीडी२८ ची जोड हवी असते. दोन्ही संकेत मिळाले तर जोडी बसते. पहिलाच मिळाला तर एनएफएटी केंद्रकात एकटे पोहोचते, आणि एकटे पोहोचल्यावर ते स्वस्थ बसत नाही: ते जनुकांचा एक वेगळाच संच चालू करते. फर्नांडो मासियान, अंजना राव आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये हे दाखवले. त्या संचातले एक एन्झाइम, डायॲसिलग्लिसरॉल कायनेज, नेमका तोच मेदरेणू संपवून टाकते ज्याच्या आधारे एपी-१ ची साखळी सुरू होते. कुलूप आतून बदलते म्हणजे हे. उद्या सीडी२८ ला कितीही चेतवले तरी साखळीचा पहिला दुवाच मोडलेला असतो.

म्हणून माझे म्हणणे असे की 'दुसरा संकेत नाही' ही नुसती उणीव नव्हे. एकटा पहिला संकेत हा स्वतःच एक पुरता आदेश आहे, आणि तो पाळण्यासाठी पेशीला नवी प्रथिने घडवावी लागतात. प्रथिननिर्मिती रोखणारे औषध दिले तर ॲनर्जी येतच नाही. सुस्त दिसणारी पेशी सुस्त होण्यासाठी मेहनत करते, ही गोष्ट मला अजूनही नवल वाटायला लावते.

या फरकाचे परिणाम मूत्रपिंड प्रत्यारोपणात दिसतात. सायक्लोस्पोरिन हे जुने, खात्रीचे औषध एनएफएटीलाच रोखते. त्याने नव्या अवयवावर तुटून पडणाऱ्या टी पेशी थांबतात, पण वरचा परिच्छेद ज्याने नीट वाचला असेल त्याच्या लक्षात येईल की एनएफएटीच नसेल तर बधिर करणारा जनुकसंचही चालू होणार नाही. प्रयोगशाळेत तसेच दिसते: सायक्लोस्पोरिन ॲनर्जीलाही अडवते. बेलाटासेप्ट हे औषध उलट्या वाटेने जाते. ते सीडी८० आणि सीडी८६ यांना झाकून टाकते, म्हणजे पहिला संकेत जाऊ देते आणि दुसरा रोखते. कागदावर पाहिले तर हे जेनकिन्स-श्वार्ट्झ प्रयोगाचे माणसातले रूप आहे. अमेरिकेत त्याला 2011 मध्ये मान्यता मिळाली. रुग्णांच्या चाचण्यांत मूत्रपिंडाचे काम सायक्लोस्पोरिनपेक्षा चांगले टिकले, पण पहिल्या वर्षातले तीव्र नकाराचे झटके मात्र जास्त आले, आणि 'औषध बंद करा, आता पेशी बधिर झाल्या' अशी वेळ सर्वसाधारणपणे आली नाही. बशीतला वाण आणि माणूस यांत फरक आहे. पूर्वी एखाद्या संसर्गात तयार झालेल्या स्मृतिपेशींना सीडी२८ ची फारशी गरज उरलेली नसते, आणि त्यातल्या काही योगायोगाने नव्या अवयवालाही ओळखतात. शिवाय सीडी८०-८६ झाकले की सीटीएलए-४ या लगाम लावणाऱ्या रेणूचीही जोडी हिरावली जाते.

उलट बाजूचा दाखला आपल्याकडे मुंबईतच आहे. कार-टी उपचारात रुग्णाच्या टी पेशींना कर्करोगपेशी ओळखणारा कृत्रिम ग्राहक बसवतात. पहिल्या पिढीच्या ग्राहकांत फक्त पहिल्या संकेताचा भाग होता. त्या पेशी रुग्णांत फार टिकल्या नाहीत. पुढे त्याच रेणूत सीडी२८ चा किंवा ४-१बीबी या दुसऱ्या सहउद्दीपकाचा आतला भाग जोडला गेला, आणि उपचार खऱ्या अर्थाने चालू लागला. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलेल्या, 2023 मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ मध्ये ४-१बीबी आहे. पहिल्या पिढीचे अपयश सगळेच ॲनर्जीमुळे होते असा दावा मी करणार नाही, कारण विभागणी आणि तगून राहणे यांनाही सहउद्दीपन लागते.

गेल्या दोन वर्षांपासून मी परीक्षेतला प्रश्न बदलला आहे: "पहिलाच संकेत मिळालेली टी पेशी काही दिवसांनी दोन्ही संकेतांना सामोरी गेली तर काय होईल, आणि ती मेलेली नाही हे कसे दाखवाल?" लॉकर पाठ करून आलेले इथे अडखळतात. एका विद्यार्थिनीने बरोबर उत्तर लिहून खाली पेन्सिलीने मलाच विचारले होते, "सर, इंटरल्यूकिन-२ देऊन ती विभागली, तर त्यानंतर ती पुन्हा पहिल्यासारखी होते का?" होते. इंटरल्यूकिन-२ च्या जोरावर विभागत राहिल्यावर ती बधिरता निघून जाते, हे 1992 मध्येच नोंदले गेले आहे. त्यामुळे स्वतःच्या शरीरावर उठू शकणारी, पण बधिर करून ठेवलेली पेशी एखाद्या तीव्र संसर्गाच्या जागी, शेजारच्या पेशींनी सोडलेल्या इंटरल्यूकिन-२ मध्ये सापडली, तर काय होईल, हा तिचा पुढचा प्रश्न होता. तो मी यंदाच्या प्रश्नपत्रिकेत घातला आहे.