ब्लँकेट ऑर्डर टाकली म्हणजे झालं, असं नसतं

"ब्लँकेट ऑर्डर टाका, वर्षभर रेट फिक्स. माल लागेल तसा मागवा, कमी लागला तर उचलू नका, सप्लायर काही करू शकत नाही." ब्लँकेट ऑर्डर, म्हणजे वर्षभराच्या मालाची एकच मोठी ऑर्डर, हिच्याबद्दल असं सर्रास ऐकू येतं, पण ते तसं चालत नाही.

आधी रेटचं बघू. समजा पत्र्याचा एक ब्रॅकेट आहे, वर्षाला १२,००० नग, महिन्याला १,००० ची डिलिव्हरी. रेटमध्ये ६०% पैसे नुसत्या स्टीलचे. आता स्टील २०% वर गेलं की सप्लायरचा खर्च रेटच्या १२% नी वाढतो, आणि मार्जिन १०% असेल तर प्रत्येक नगाला तो खिशातून घालतोय. तो भांडत नाही हो, पत्रही पाठवत नाही, फक्त १,००० च्या जागी ६०० नग येतात, मग "डाय मेंटेनन्सला गेलीय", म्हणजे पत्रा दाबायचा साचा दुरुस्तीला, असा फोन, आणि आपण लाइन थांबू नये म्हणून दुसरीकडून चढ्या भावाने उचलतो. मी हे स्वतः भोगलंय. आणि स्टील पडलं तर फिक्स रेटमध्ये आपणच अडकतो!

त्यामुळे रेटचे दोन तुकडे करून मागा. मजुरी, प्रेसिंग, पॅकिंग, नफा हे वर्षभर फिक्स. स्टीलचा भाग दोघांना मान्य असलेल्या छापील भावाला बांधायचा, ५% पर्यंतचा चढउतार ज्याचा त्याने सोसायचा, त्यापुढचं दर तिमाहीला वरखाली, दोन्ही बाजूंनी. वर्षभर पूर्ण फिक्सच हवा असेल तर सप्लायरला सगळं स्टील आजच घ्यावं लागणार, मग त्या साठ्याचं व्याज रेटमध्ये येणारच.

"उचलू नका" हे तर मला अजिबात पटत नाही. त्याने रेट १२,००० नगांवर दिलाय. डाय लावायला अर्धा दिवस जातो म्हणून तो १,००० नाही, ३,००० ची बॅच काढतो. आपण ७,००० उचलून थांबलो तर तोवर तीन बॅच झालेल्या असतात, म्हणजे २,००० नग त्याच्याकडे पडून, आपल्या ड्रॉइंगचे, दुसऱ्या कुणाच्या कामाचे नाहीत, सरळ भंगार. त्यात मधेच ड्रॉइंग बदललं तर वाद ठरलेलाच.

म्हणून हे ऑर्डरवरच लिहा की पुढच्या इतक्या आठवड्यांचा तयार माल आम्ही नक्की उचलणार, त्यापुढच्या इतक्या आठवड्यांचं फक्त स्टील आमच्या जबाबदारीवर, बाकी सगळा नुसता अंदाज. इथे बरेच जण सवयीने चार आठवडे लिहून मोकळे होतात, पण बॅच ३,००० ची असताना चार आठवड्यांत फक्त १,००० कव्हर होतात, उरलेल्या २,००० चं ओझं त्याच्यावरच. एकतर बारा आठवडे लिहा, नाहीतर छोट्या बॅचचा जास्त रेट मान्य करा.

आणि "लागेल तसा" म्हणजे फोन केला की उद्या गाडी दारात, असं होत नाही. ब्लँकेट ऑर्डरवर माल निघत नाही, रिलीजवर, म्हणजे प्रत्येक खेपेच्या लेखी मागणीवर निघतो, तारीख आणि नग लिहून, माल बनवायला त्याला लागतो तेवढा लीड टाइम हातात ठेवून.