कॅमेरा सापडत नाही म्हणून राउटरला पिन टोचू नका

घरातल्या वायफाय कॅमेऱ्याबद्दल सध्या फिरणारा संदेश असा: «अ‍ॅपला कॅमेरा दिसत नाही? राउटरचं ५जी कायमचं बंद करा. फोन आणि कॅमेरा एकाच नावाच्या वायफायवर असले की झालं. तरी दिसला नाही तर राउटरच्या मागच्या भोकात पिन घालून रिसेट मारा. एवढं करून आला नाही तर कॅमेराच खराब, परत करा.»

५जीबद्दलचं, म्हणजे वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याबद्दलचं, म्हणणं अर्धं खरं आहे. घरगुती कॅमेऱ्यांपैकी बरेच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, हे बरोबर. पण फोन ५ वर आणि कॅमेरा २.४ वर असला तरी राउटर एकच असेल तर ते एकाच जाळ्यात असतात. घोळ होतो तो कॅमेऱ्याला चुकीचं नाव दिल्यामुळे. दोन पट्ट्यांना वेगवेगळी नावं असतील, तर अ‍ॅप फोन ज्यावर आहे तेच नाव पुढे करतं आणि कॅमेऱ्याला ते वायफाय दिसतच नाही. तिथे २.४ चं नाव हाताने निवडा. दोन्हींचं नाव एकच असून कॅमेरा अडखळत असेल, तर जोडणीपुरतं ५ बंद करून मग परत चालू करा. कायमचं बंद करायचं काही कारण नाही.

एकाच नावाच्या सल्ल्याने मात्र खरी फसगत होते, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांत जास्तच. फोंड्याजवळ बांदोड्याचं एक घर घ्या. भिंती चिऱ्याच्या, चांगल्या जाड. फायबरचं यंत्र आतल्या खोलीत, त्याचं वायफाय सोप्यावर पोचेना म्हणून केबल ओढून सोप्यावर दुसरा राउटर लावलेला. फोन आपोआप बदलावा म्हणून दोन्हींना नाव आणि पासवर्ड तोच. कॅमेरा सोप्यावर, काकी फोन घेऊन आत. काकींचं म्हणणं, «नाव तर तेच दिसतं मरे!»

नाव तेच, पण जाळी दोन. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर टिचकी मारली की आयपी पत्ता दिसतो. आत तो `192.168.1.23` होता, आणि फोन घेऊन सोप्यावर गेल्यावर `192.168.0.104` झाला. तिसरा आकडा बदलला, म्हणजे सोप्यावरचा राउटर स्वतःचं वेगळं जाळं चालवत होता. अ‍ॅप कॅमेरा शोधताना जाळ्यात जी हाक घालतं, ती राउटर ओलांडून पलीकडे जात नाही.

यावर सोपा मार्ग म्हणजे जोडणीच्या वेळी सोप्यावर जाऊन उभं राहायचं. कॅमेरा एकदा खात्यात नोंदला गेला की अ‍ॅप इंटरनेटवरून चित्र आणतं, मग आतून काय, पणजीहूनही दिसतं. पण रेकॉर्डर आत ठेवणार असाल तर ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या दुसऱ्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर `Access Point Mode` निवडा आणि नंतर कॅमेऱ्याची वीज काढून परत लावा. तो आतल्या यंत्राकडून नवा पत्ता घेईल आणि सगळं घर एका जाळ्यात येईल. पाहुण्यांसाठीच्या वायफायवर कॅमेरा जोडला तरी असंच अडतं, कारण तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत.

पिन घालण्याचा सल्ला तर घातक आहे. फायबरच्या यंत्रात इंटरनेट कंपनीने भरलेलं `PPPoE` चं नाव, पासवर्ड आणि इतर सेटिंग असतात. रिसेटने तीही पुसली जाऊ शकतात, मग कॅमेरा राहिला बाजूला, घरचं इंटरनेटच जातं आणि तंत्रज्ञाची वाट बघत बसावं लागतं. रिसेट करायचाच तर कॅमेऱ्याचा करा. राउटर फक्त बंद करून चालू करा.

कॅमेरा परत करण्याआधी राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. त्यात कॅमेरा असेल तर तो वायफायवर आलाय आणि अडचण फोनकडे आहे. व्हीपीएन बंद करा. आयफोन असेल तर `Local Network` च्या परवानगीत त्या अ‍ॅपचं बटण चालू आहे का बघा. सुरुवातीला कोणी चुकून नाही म्हटलेलं असतं. खात्री हवी तर त्याच वायफायवरच्या लॅपटॉपवरून, यादीत दिसलेला पत्ता घालून:

```
ping 192.168.0.105
```

उत्तर आलं तर कॅमेरा जिवंत आहे. काही कॅमेरे पिंगला उत्तर देतच नाहीत, तेव्हा नुसत्या गप्प बसण्यावरून निकाल लावू नका. यादीतच नसेल तर पासवर्ड नीट तपासा आणि कॅमेरा राउटरच्या शेजारी, त्याच खोलीत लावून बघा. तिथे जोडला गेला आणि गेटवर नेल्यावर तुटला, तर दोष मधल्या चिऱ्याच्या भिंतीचा. शेजारी ठेवून, योग्य नाव-पासवर्ड देऊन, दुसऱ्या फोनवरूनही यादीत आला नाही, तर मग बिल शोधा आणि दुकान गाठा.