पहिल्या वर्षी तोटा, पाचव्या वर्षी नफा, आणि मशीन मात्र तेच

“ऑपरेटिंग लीजमध्ये भाडं दरवर्षी वाढणार असेल तर लेसरने ज्या वर्षी जेवढं बिल केलं तेवढंच उत्पन्न दाखवावं. सरासरी काढणं म्हणजे न मिळालेला पैसा नफ्यात घुसवणं. दलालीही पहिल्याच वर्षी खर्ची टाकावी, सावधगिरी त्यातच आहे. उद्या लेसी मध्येच निघून गेला तर? शेवटी रोकड तर तेवढीच येते.”

हा आक्षेप लेसरच्या, म्हणजे मालमत्ता भाड्याने देणाऱ्याच्या, हिशेबाबद्दल आहे. लेसी म्हणजे ती भाड्याने घेणारा, आणि ऑपरेटिंग लीज म्हणजे मालकीचे धोके आणि फायदे लेसरकडेच ठेवणारा भाडेकरार. आक्षेपाच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तेवढं खरं आहे. रोकड तेवढीच येते. वाद आहे तो कमाई कोणत्या वर्षाच्या खात्यावर मांडायची याचा, आणि तो आकडे समोर ठेवल्याशिवाय सुटत नाही.

एक मशीन घेऊ. किंमत १,०००, आयुष्य १० वर्षं, शेवटी मोल शून्य, म्हणजे घसारा वर्षाला १००. लेसरने ते ५ वर्षांसाठी दिलं, मध्ये सोडता येणार नाही या अटीवर. भाडं ८०, १००, १२०, १४०, १६०. लीज जुळवून देणाऱ्या दलालाला ३० दिले. बिलाप्रमाणे उत्पन्न आणि दलाली एकदम खर्ची, असं केलं तर पहिल्या वर्षी ५० तोटा होतो, दुसऱ्या वर्षी शून्य, आणि पुढे २०, ४०, ६० नफा. पाच वर्षांत मिळून ७०.

या आकड्यांवरून कुणालाही वाटेल की धंदा आधी बुडत होता आणि मग सावरला. प्रत्यक्षात काहीच बदललेलं नाही. मशीन तेच आहे, लेसी तेवढाच वापर करतोय, घसाराही तेवढाच आहे. भाडं चढतं ठेवलं कारण लेसीला सुरुवातीला हात मोकळा हवा होता. ही पैसे कधी द्यायचे याची सोय झाली. त्याने काय उपभोगलं याचं ते माप नव्हे.

म्हणून लीजच्या हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या आयएफआरएस १६ चा परिच्छेद ८१ लेसरला ऑपरेटिंग लीजचं भाडं समान हप्त्यांत, म्हणजे स्ट्रेट-लाइन पद्धतीने, उत्पन्नात घ्यायला सांगतो. एकूण भाडं ६००, पाच वर्षं, म्हणजे वर्षाला १२०. पहिल्या वर्षाची नोंद अशी: बँक नावे ८०, उपार्जित भाडं येणे नावे ४०, भाडे उत्पन्न जमा १२०. हे येणं, म्हणजे कमावलेलं पण अजून हाती न आलेलं भाडं, पहिल्या वर्षाअखेर ४०, दुसऱ्या वर्षाअखेर ६० होतं. तिसऱ्या वर्षी भाडंच १२० असल्याने ते हलत नाही. चौथ्या वर्षी १४० आले तरी उत्पन्न १२०च, म्हणून येणं ४० वर उतरतं, आणि पाचव्या वर्षाअखेर शून्य. घुसवलेला नफा असता तर तो असा मुकाट्याने परत निघाला नसता.

आक्षेपाची खरी परीक्षा उलट्या लीजवर होते. समजा भाडं उतरतं आहे, १६० पासून ८० पर्यंत. बिलाप्रमाणे चालणाऱ्याला पहिल्याच वर्षी १६० उत्पन्न दाखवावं लागेल. स्ट्रेट-लाइन तिथेही १२०च दाखवते आणि वरचे ४० आगाऊ मिळालेलं भाडं म्हणून देण्याच्या बाजूला ठेवते. म्हणजे सावधगिरी बिलाच्या पद्धतीत नव्हतीच. चढत्या भाड्यात ती योगायोगाने तशी दिसली इतकंच.

अपवाद आहे, पण अरुंद. मशीनच्या वापरातून मिळणारा लाभ ज्या क्रमाने कमी होतो तो दुसऱ्या एखाद्या पद्धतशीर मांडणीत जास्त नीट उमटत असेल, तर ती मांडणी घ्यावी लागते. “महागाई वाढेल म्हणून दरवर्षी १० टक्के वाढ ठरवली” हे कारण त्यात बसत नाही. ठरलेली टक्केवारी म्हणजे आधीच माहीत असलेली रक्कम, तीही सरासरीत जाते. लेसीच्या विक्रीवर टक्केवारीने मिळणारं भाडं मात्र सरासरीत धरायचं नाही. विक्री होईल तेव्हा ते उत्पन्न.

आता दलाली. इथे मूळ आक्षेपापेक्षा मला त्यावरच्या ‘दुरुस्तीचीच’ जास्त धास्ती वाटते. परिच्छेद ८३ म्हणतो की लीज मिळवण्यासाठी झालेला सुरुवातीचा थेट खर्च मालमत्तेच्या पुस्तकी किमतीत मिळवा. इथवर वाचून लोक १,००० चे १,०३० करतात आणि सगळ्यावर १० वर्षांचा घसारा लावतात. परिच्छेदाचा उरलेला भाग तेवढाच महत्त्वाचा आहे: हा खर्च लीजच्या मुदतीत, भाड्याच्या उत्पन्नासारख्याच पद्धतीने खर्ची टाकायचा. म्हणून मशीनचा घसारा १००, दलालीचे वेगळे ६. दहा वर्षांवर पसरवलं तर वर्षाला ३च जातात आणि लीज संपल्यावर १५ मशीनच्या किमतीत अडकून राहतात, संपलेल्या कराराची दलाली म्हणून. चूक शोधायची सोपी खूण: मालमत्ता नोंदवहीत दलालीची स्वतंत्र ओळ नसेल, तर ती बहुधा मशीनबरोबर झिजते आहे.

काय थेट खर्च आणि काय नाही, यासाठी एकच प्रश्न पुरतो: लीज झालंच नसतं तर हा खर्च टळला असता का? करार झाल्यावरच देय होणारी दलाली टळली असती. जाहिरात, लीज विभागाचे पगार, करार होवो न होवो द्यावी लागणारी वकिलाची फी टळली नसती, म्हणून ती त्या त्या वर्षीच खर्ची जाते. ‘पहिल्याच वर्षी खर्ची’ हा आग्रह एवढ्यापुरता बरोबर आहे.

हिशेब जुळवला की दरवर्षी १२० वजा १०० वजा ६, म्हणजे १४. पाच वर्षांत तेच ७०. रोकड प्रवाह विवरणात पहिल्या वर्षी ८०च दिसतात, कारण येण्यातली ४० ची वाढ तिथे वजा होते. ज्याला फक्त रोकड पाहायची आहे त्याच्यापासून काही लपत नाही.

लेसी निघून गेला तर, हा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुसऱ्या वर्षाअखेर दोघांच्या संमतीने लीज मोडलं आणि लेसरला काहीच भरपाई मिळाली नाही, असं धरा. ताळेबंदात ६० येणं आणि दलालीचे १८ शिल्लक आहेत. दोन्ही खर्ची जातात, एकूण ७८. आधीच्या दोन वर्षांचा नफा २८, म्हणून निव्वळ ५० तोटा. बिलाच्या पद्धतीनेही दोन वर्षांचा तोटा ५०च होता. फरक एवढाच की इथे तो करार मोडला त्या वर्षी दिसतो.

खरा धोका दुसरीकडे आहे, मुदत ठरवण्यात. दोन वर्षांनंतर दंड न भरता सोडायची मुभा लेसीला असेल, आणि तो राहीलच असं वाजवी खात्रीने म्हणता येत नसेल, तर लीजची मुदत ५ नाही, २ वर्षं. मग भाडं ८० अधिक १००, वर्षाला ९०, आणि दलाली वर्षाला १५. उपार्जित येणं पहिल्या वर्षाअखेर १०, दुसऱ्या वर्षाअखेर शून्य. त्यामुळे लेसी दोन वर्षांनी गेला तरी खर्ची टाकायला मागे काही उरत नाही.